‘प्रकाश टाकतात’ म्हणजे नेमके काय करतात?

एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’वर लिहिलेला निबंध माझ्यासमोर आहे. भाषा स्वच्छ आहे, वाचताना कुठे अडखळायला होत नाही. त्यातला एक परिच्छेद असा :

‘१८८२ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ तत्कालीन स्त्रीजीवनाचे विदारक दर्शन घडवतो. विजयालक्ष्मीच्या खटल्याच्या निमित्ताने ताराबाई समाजाच्या दुटप्पीपणावर प्रकाश टाकतात. स्त्रियांवरील आरोपांचा उल्लेख करून त्या पुरुषी मानसिकता दाखवतात. पतीला देव मानण्याची प्रथा स्त्रियांची घुसमट अधोरेखित करते.’

यात चुकीचे काही नाही. पण ताराबाईंचे नाव काढून दुसऱ्या कुणाही सुधारकाचे घातले, खटल्याऐवजी दुसरी घटना लिहिली, तरी परिच्छेद जसाच्या तसा उभा राहतो. याचे कारण क्रियापदांत आहे. दर्शन घडवणे, प्रकाश टाकणे, दाखवणे, अधोरेखित करणे ही चारही क्रियापदे एवढेच सांगतात की पुस्तकात अमुक गोष्ट आहे. लेखिका त्या गोष्टीचे काय करते, हे त्यांतून कळत नाही.

दुरुस्ती करताना मी आधी प्रत्येक वाक्यातल्या क्रियापदाखाली रेघ मारायला सांगतो. मग एकेका रेघेपाशी थांबून विचारायचे : इथे कोण, कशावर, कोणती कृती करते आणि तिच्यामुळे युक्तिवादात काय बदलते? याचे उत्तर शब्दकोशात सापडत नाही, मूळ पुस्तक पुन्हा उघडावे लागते.

तिसरे वाक्य घेऊ. ‘दाखवतात’च्या जागी विद्यार्थिनीने पहिल्यांदा ‘खोडून काढतात’ लिहिले. क्रियापद जोरकस झाले, पण वाक्य खोटे झाले. स्त्रियांवर लादलेले दोष ताराबाई सरसकट नाकारत नाहीत. त्या एकेक आरोप हातात घेतात आणि विचारतात, हेच दोष पुरुषांत नाहीत काय? मग ‘कबूल करतात’ लिहावे का? तेही अपुरे, कारण कबुली देऊन त्या थांबत नाहीत. तोच आरोप त्या आरोप करणाऱ्यावर नेऊन ठेवतात. म्हणजे त्या आरोप उलटवतात. हे क्रियापद सापडल्यावर ‘पुरुषी मानसिकता’ हे ढोबळ कर्म टिकेना. नवे वाक्य असे झाले : ‘स्त्रियांवर ठेवलेले दोष ताराबाई एकेक करून पुरुषांवर उलटवतात आणि मग शिक्षा एकटीलाच का, असा प्रश्न उभा करतात.’ क्रियापद नेमके झाले की कर्मालाही नेमके व्हावे लागते. नुसती शब्दांची अदलाबदल फसते ती इथेच.

चौथ्या वाक्यातला दोष वेगळा आहे. ‘प्रथा अधोरेखित करते’ असे लिहिल्यामुळे कर्तेपण प्रथेकडे गेले आणि लेखिका वाक्यातून नाहीशी झाली. तिला परत आणताना विद्यार्थिनीने लिहिले, ‘ताराबाई पतिव्रताधर्म झुगारतात.’ आजच्या वाचकाला हे आवडेल, पण पुस्तक एवढे म्हणत नाही. नवऱ्याला देव म्हणायचे तर त्याने देवासारखे वागायला नको का, असा त्यांचा सवाल आहे. इथे त्या देवपणाला अट घालतात. ‘अट घालतात’ हे ‘झुगारतात’पेक्षा सौम्य असले, तरी विचाराला जास्त वाव देते : अट न पाळणाऱ्या नवऱ्याचे काय, हा पुढचा परिच्छेद त्यातूनच निघाला.

दुसऱ्या वाक्यासाठी खटल्याचा तपशील लागला. सुरतेच्या या तरुण विधवेला आपल्या मुलाच्या हत्येबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे अपिलात ती कमी झाली. त्यानंतर वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवरच टीका झाली आणि ताराबाईंनी लेखणी उचलली. तेव्हा ‘प्रकाश टाकतात’ऐवजी ‘एका विधवेचा गुन्हा साऱ्या स्त्रीजातीच्या माथी मारण्याला ताराबाई हरकत घेतात’ असे लिहिता आले.

खात्रीची पायरीही क्रियापदच ठरवते. ‘सिद्ध करतात’, ‘सुचवतात’ आणि ‘गृहीत धरतात’ यांत पुराव्याचा मोठा फरक आहे. पुरुषच स्त्रीला आधी मोहात पाडतो, असे ताराबाई ठासून सांगतात. त्याला ‘सिद्ध करतात’ म्हणायचे तर त्यांनी दिलेला पुरावा निबंधात मांडावा लागेल. आणि ‘दाखवणे’ हद्दपार करायची गरज नाही. जनगणनेचा तक्ता विधवांची संख्या दाखवतो, तिथे तेच क्रियापद बरोबर आहे.

पहिल्या वाक्यावर बराच वेळ गेला. ‘विदारक दर्शन घडवतो’ याच्या जागी काय घालावे, हे विद्यार्थिनीला सुचेना, कारण त्या वाक्याला पुस्तकातला एकही उतारा आधार देत नव्हता. शेवटी तिने ते काढून टाकले आणि परिच्छेद खटल्यापासून सुरू केला.