एफ-वाला प्रोसेसर आणि काळा पडदा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराने बिल करता करता एक साधा प्रश्न विचारला, "कार्ड आहे ना?" पम्याला वाटलं, इंटरनेटच्या कार्डाबद्दल विचारतोय. "नाही लागत, बोर्डवरच असतं," तो म्हणाला. दुकानदाराने मान डोलावली आणि सहा प्रोसेसर बिलात चढवले. तो विचारत होता ग्राफिक्स कार्डाबद्दल.

पम्या आणि बाळू ही नावं सोयीसाठी घेतली आहेत. भागीदारीत सायबर कॅफे चालवणारी अशी जोडी तालुक्याच्या गावात सहज सापडेल. यांचा कॅफे कोकणातला, गाळा तहसील कचेरीच्या रस्त्याला. येणारं गिऱ्हाईक सातबारा काढायला, शिष्यवृत्तीचा नाहीतर सीईटीचा फॉर्म भरायला आणि प्रिंट मारायला येतं. २०२१मध्ये टाळेबंदी सैल झाली तेव्हा जुनी यंत्रं बसली होती. तयार ब्रँडेड डेस्कटॉप घेण्यापेक्षा सुटे भाग आणून स्वतः जुळवले तर पैसे वाचतील, असा हिशेब दोघांनी मांडला. बाळू मोबाइल दुरुस्त करायचा, त्यामुळे स्क्रू-ड्रायव्हरची भीती नव्हती.

यादी ठीकच होती. एच-४१० चिपसेटचे मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, कॅबिनेट, एसएमपीएस. मॉनिटर जुनेच वापरायचे. प्रोसेसर इंटेलचा कोअर आय-३, दहाव्या पिढीचा. दुकानात त्याचे दोन प्रकार समोर आले, १०१०० आणि १०१००एफ. "एफ-वाला घ्या, स्पीड तोच, नगामागे दीड हजार कमी," असं ऐकल्यावर सहा नगांचे नऊ हजार वाचणार हे पम्याने मनातल्या मनात मांडलं.

आणि दुकानदार खोटं बोलत नव्हता. दोन्ही प्रोसेसरांत चार कोअर, आठ थ्रेड, वेगही सारखा. फरक एकच. साध्या १०१००मध्ये यूएचडी ६३० नावाचा चित्र तयार करणारा भाग असतो, एफमध्ये तो बंद केलेला असतो. असे एफ-वाले प्रोसेसर इंटेलने नवव्या पिढीपासून, म्हणजे २०१९च्या सुमारास, बाजारात आणले. गेम खेळणारा माणूस वेगळं ग्राफिक्स कार्ड लावतोच, त्याला आतला भाग फुकटचा. त्याच्यासाठी एफ हा शहाणा सौदा आहे. सातबारा काढणाऱ्या कॅफेसाठी नाही.

घरी आल्यावर पहिलं यंत्र दुपारभरात जुळलं. बटण दाबलं, पंखे फिरले, बोर्डवरचा दिवा लागला. मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल'.

इथून पुढचा सगळा वेळ चुकीच्या जागी गेला, आणि तो कुठे गेला हे पाहण्यासारखं आहे. बाळूने आधी रॅम काढली, तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले, दुसऱ्या खाचेत बसवली. हा आपल्याकडचा पहिला उपाय, आणि तो अनेकदा लागूही पडतो. मग मॉनिटरची केबल बदलली. मग एचडीएमआय सोडून व्हीजीए लावून पाहिलं. बोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी काढून सेटिंग पुसल्या. पम्याचा संशय एसएमपीएसवर होता. शेवटी 'बोर्डच खराब आहे' असं म्हणून त्यांनी दुसरं यंत्र जुळवायला घेतलं, नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, नवी रॅम. तेही तसंच, पंखे फिरतात आणि पडदा काळा.

खरा धागा इथे हाती लागायला हवा होता. सुटा भाग खराब निघतो तेव्हा एखादं यंत्र अडतं. दोन वेगवेगळी कोरी यंत्रं अगदी सारख्या तऱ्हेने अडली, तर संशय भागांच्या दर्जावर नको, निवडीवर हवा.

ते त्यांना सुचवलं एका बझरने. हल्ली कॅबिनेटसोबत तो येतोच असं नाही, पण बोर्डवर त्याच्या पिना असतात आणि दुकानात तो किरकोळ किमतीत मिळतो. बाळूने जुन्या यंत्रातला काढून लावला. एक लांब आवाज, पाठोपाठ तीन छोटे. या आवाजांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, म्हणून बोर्डसोबतची पुस्तिका उघडावी लागली. तिथे लिहिलं होतं, व्हीजीए सापडत नाही. काही बोर्डांवर आवाजाऐवजी चार बारीक दिवे असतात, प्रोसेसर, रॅम, व्हीजीए आणि बूट अशा नावांचे. जिथे गाडी अडते, तो दिवा पेटून राहतो.

"पण व्हीजीएचं सॉकेट तर समोर दिसतंय," पम्या म्हणाला. गैरसमज नेमका हाच होता. मदरबोर्डवरची व्हीजीए, एचडीएमआय ही सॉकेट चित्र बनवत नाहीत. त्यांची वाट प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सकडे जाते. गच्चीवर टाकीच नसेल तर नळ कितीही सोडा. बोर्ड मात्र दोन्ही तऱ्हेच्या प्रोसेसरांसाठी एकच बनतो, म्हणून सॉकेट असतातच. बाळूने मोबाइलवर i3-10100F असं टाइप करून इंटेलचं पान उघडलं. प्रोसेसर ग्राफिक्सची जी नोंद साध्या १०१००च्या पानावर होती, ती इथे नव्हतीच.

एएमडीच्या बाबतीत अक्षराचा अर्थ उलटा होतो. ५००० मालिकेपर्यंत रायझेन ५ ५६००मध्ये ग्राफिक्स नाही, ५६००जीमध्ये आहे. म्हणजे तिथे जी असेल तर चित्र आहे. ७००० मालिकेपासून बहुतेकांत कामापुरतं ग्राफिक्स आलं आणि तिथेही नसल्याची खूण एफ झाली. त्यामुळे अक्षरं पाठ करण्यापेक्षा प्रत्येक मॉडेलची ती एक नोंद वाचणं सोपं पडतं. बिलावर नुसतं 'आय-३ दहावी पिढी' असं लिहून घेतलं, तर मात्र वाचायला काही उरत नाही. पम्याच्या बिलावर तेच होतं.

आता निस्तरायचं कसं? दुकानदाराने सीलबंद चार प्रोसेसर फरकाची रक्कम घेऊन बदलून दिले. सील फोडलेले दोन त्याने परत घेतले नाहीत, आणि व्यवहाराच्या रीतीने ते चूक म्हणता येणार नाही. त्या दोन यंत्रांना ग्राफिक्स कार्ड लावणं एवढाच मार्ग होता. २०२१ म्हणजे कार्डांच्या जगभरच्या टंचाईचं साल; एकीकडे चिपांचा तुटवडा, दुसरीकडे क्रिप्टो चलनाच्या मागे लागलेले लोक कार्डं उचलत होते. तरी जीटी ७१० हे जुनं, साधं कार्ड मिळालं, नगाला चार हजारांच्या वर देऊन. ते १९ वॅटच्या आसपास वीज घेतं आणि तीही थेट खाचेतून, म्हणून एसएमपीएस बदलावा लागला नाही. नगामागे वाचवलेल्या दीड हजाराची किंमत अशी अडीच-तीन हजारांनी वाढून परत आली, आणि चार प्रोसेसरांसाठी मुंबईची एक खेप पडली ती वेगळीच.

त्या दोन यंत्रांना आता एक वेगळीच खोड आहे. मॉनिटरची केबल कार्डाच्या सॉकेटमध्येच लावावी लागते. बोर्डची सॉकेट दिसतात, पण त्यांतून काहीच येत नाही. झाडलोट करताना कुणी केबल काढून ओळखीच्या जागी खोचली की 'नो सिग्नल'ची तक्रार येते. बाळूने शेवटी बोर्डच्या दोन्ही सॉकेटांवर काळी इन्शुलेशन टेप चिकटवून टाकली.