उष्णतेच्या थेंबांतून बंधन मोजताना

हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांच्या औषधांच्या पाकिटात ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या बहुधा असतात. उंचीवरचा त्रास टाळण्यासाठी घेतले जाणारे हे औषध कार्बोनिक अनहायड्रेज नावाच्या विकराला जाऊन चिकटते आणि त्याचे काम थांबवते. याच घराण्यातला एक साधा रेणू म्हणजे चार-कार्बोक्सिबेंझिनसल्फोनामाइड. औषध म्हणून त्याला कोणी ओळखत नाही, पण बंधन मोजणाऱ्या प्रयोगशाळांत तो चांगला परिचयाचा आहे. पुढे त्याला नुसता 'सल्फोनामाइड' म्हणतो. गाईच्या कार्बोनिक अनहायड्रेज-दोनशी तो एकास एक असा जुळतो आणि तेही मध्यम घट्टपणे. त्यामुळे समतापी अनुमापन उष्णतामापन, म्हणजे आयटीसी, समजून घ्यायला ही जोडी फार सोयीची आहे.

यंत्र नेमके काय मोजते

यंत्रात दोन छोटे कप्पे शेजारी शेजारी असतात. एकात प्रथिनाचे द्रावण असते आणि दुसऱ्यात नुसते पाणी. दोन्हींचे तापमान अगदी सारखे राहावे म्हणून यंत्र सतत थोडी थोडी वीज पुरवत असते. सिरिंजमधून लिगंडचा, म्हणजे प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूचा, एक थेंब प्रथिनात पडतो. बंधन होताना उष्णता बाहेर पडली, तर तेवढ्यापुरती त्या कप्प्याची वीज कमी करावी लागते. पडद्यावर खाली जाणारे टोक दिसते ते या कमी झालेल्या विजेचे. त्या टोकाचे क्षेत्रफळ म्हणजे त्या थेंबाची उष्णता.

ही उष्णता किती सूक्ष्म असते ते पाहू. 200 मायक्रोलिटरच्या कप्प्यात 20 मायक्रोमोलर प्रथिन आहे आणि सिरिंजमध्ये 200 मायक्रोमोलर सल्फोनामाइड. 2 मायक्रोलिटरच्या थेंबातून 0.4 नॅनोमोल रेणू आत जातात. एका मोलमागे साधारण 10.4 किलोकॅलरी बाहेर पडतात असे धरले, तर या थेंबाची उष्णता जेमतेम 4 मायक्रोकॅलरी भरते. एवढ्याने त्या कप्प्यातले पाणी अंशाच्या पन्नास हजाराव्या भागाइतके तापेल. ही उष्णता बंधनाची की आणखी कशाची, हे यंत्राला कळत नाही. म्हणून माझ्या मते आयटीसीची खरी कसोटी यंत्रापाशी बसण्याच्या आदल्या दिवशी लागते.

बफर एकच असावा, एकसारखा नव्हे

सिरिंजमधले आणि कप्प्यातले द्रावण मिठात, पीएचमध्ये किंवा एखाद्या द्रावकात थोडे जरी वेगळे असले, तरी दर थेंबाला त्या फरकाची उष्णता निघते. 4 मायक्रोकॅलरीच्या मोजमापात हा फरक सहज बंधनाला झाकून टाकतो.

यावरचा उपाय सोपा आहे, मात्र त्याला वेळ द्यावा लागतो. प्रथिन रात्रभर मोठ्या आकारमानाच्या बफरमध्ये डायलिसिसला ठेवायचे, मध्ये एकदोनदा बफर बदलायचा आणि शेवटच्या फेरीत नळीबाहेर उरलेला बफर गाळून जपून ठेवायचा. लिगंड त्याच बफरमध्ये विरघळवायचा आणि पातळ करायलाही तोच वापरायचा. मी एकदा बाटलीतला ताजा बफर घेतला होता. कृती तीच, दिवस तोच, त्यामुळे काही बिघडणार नाही असे वाटले. शेवटपर्यंत मोठी आणि एकसारखी टोके येत राहिली आणि दिवस वाया गेला. कृती एकच असली तरी द्रावण एकच होत नाही, हे तेव्हा पटले.

आपल्या सल्फोनामाइडमध्ये आणखी एक अडचण आहे. तो स्वतः आम्ल आहे. 20 मिलिमोलर फॉस्फेट बफरमध्ये त्याचे 10 मिलिमोलर साठ्याचे द्रावण केले, तर 7.4 असलेला पीएच थेट सहाच्या आसपास घसरतो. म्हणून आकारमान पुरे करण्याआधी सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब घालून पीएच परत 7.4 वर आणावा. नंतर 50 पट पातळ केले की उरलेला फरक नगण्य होतो. दोन्ही द्रावणांच्या पीएचमध्ये 0.05 पेक्षा जास्त अंतर दिसले, तर मी प्रयोग सुरू करत नाही.

पाण्यात न विरघळणाऱ्या लिगंडसाठी डीएमएसओ वापरावे लागते, आणि तिथे तर फारच जपावे लागते. पाण्यात मिसळताना डीएमएसओची बरीच उष्णता निघते. सिरिंजमध्ये 5 टक्के आणि कप्प्यात साडेचार टक्के असेल, तर आलेख बंधनाचा राहत नाही, डीएमएसओचा होतो. प्रथिनातही तेवढेच डीएमएसओ त्याच पिपेटने मोजून घालावे.

बफरचा आणखी एक परिणाम जुळवाजुळव करूनही जात नाही. बंधन होताना प्रोटॉन सुटला तर तो बफर घेतो, आणि घेताना स्वतःची उष्णता त्यात मिळवतो. सल्फोनामाइड जस्ताला जोडला जातो तो आपला प्रोटॉन सोडून. त्यातला बराच भाग जस्तावरचा हायड्रॉक्साइड घेतो, पण पीएचप्रमाणे काही अंश बाहेर उरतो. समजा दर रेणूमागे 0.2 प्रोटॉन बफरकडे गेला. ट्रिसच्या आयनीभवनाची उष्णता मोलमागे सुमारे 11.3 किलोकॅलरी आहे, म्हणजे मोजलेली एन्थॅल्पी 2.3 किलोकॅलरीने जास्त ऋण दिसेल. फॉस्फेटच्या बाबतीत हा आकडा 0.9 आहे, म्हणून फरक 0.2 च्याही आतच राहतो. शंका असेल तर तोच प्रयोग दुसऱ्या बफरमध्ये करून पाहावा. दोन एन्थॅल्पी वेगळ्या आल्या की प्रोटॉनची देवाणघेवाण होते आहे हे उघड होते.

संहती किती ठेवायची

1989 साली वाइजमन आणि सहकाऱ्यांनी यासाठी एक साधी संख्या पुढे आणली: c = n[M]/Kd. n म्हणजे प्रथिनाच्या एका रेणूवरील बंधनस्थाने, [M] म्हणजे कप्प्यातल्या प्रथिनाची संहती आणि Kd म्हणजे विघटन स्थिरांक. आपल्या जोडीचा Kd सुमारे 1 मायक्रोमोलर आहे, म्हणून 20 मायक्रोमोलर प्रथिन घेतले की c 20 होतो.

या संख्येचा अर्थ पहिल्याच थेंबात कळतो. लिगंड अगदी थोडा असताना त्यातला c/(1+c) एवढा भाग बांधला जातो. c 20 असेल तर 95 टक्के. त्यामुळे पहिल्या काही थेंबांची उंची खऱ्या एन्थॅल्पीच्या जवळपास पोचते आणि मग आलेख हळूहळू वळतो. c 1 असेल तर पहिल्या थेंबातलाही अर्धाच लिगंड बांधला जातो. आलेखाला वरचे पठार येतच नाही, नुसता उतार राहतो, आणि एन्थॅल्पी अंदाजानेच काढावी लागते. c 1000 च्या वर गेला की प्रत्येक रेणू येताच पकडला जातो आणि प्रथिन संपताच आलेख एका थेंबात कोसळतो. एन्थॅल्पी उत्तम मिळते, पण उतारावर एकही बिंदू नसल्याने Kd कळत नाही. 10 ते 100 ची मर्यादा सर्वांत सुखाची.

सिरिंजमधला लिगंड प्रथिनाच्या साधारण दहापट ठेवतात. आपल्या हिशेबात कप्प्यात 4 नॅनोमोल प्रथिन आहे आणि दर थेंबात 0.4 नॅनोमोल लिगंड, म्हणजे दहाव्या थेंबाच्या आसपास दोघे समसमान होतात. 19 थेंबांपर्यंत गेलो की दुपटीच्या जवळ पोचतो आणि शेवटचे सपाट शेपूट नीट दिसते. त्याआधी 0.4 मायक्रोलिटरचा एक छोटा थेंब सोडून तो हिशेबातून वगळतात. यंत्र स्थिर होईपर्यंत सिरिंजच्या टोकातून थोडा लिगंड पाझरलेला असतो, म्हणून तो बिंदू विश्वासाचा नसतो.

प्रथिनाची संहती भुकटी तोलून ठरवू नये, कारण भुकटीत मीठ आणि पाणी असते. 280 नॅनोमीटरला प्रकाशशोषण मोजावे. या विकराचा मोलर शोषण गुणांक 57,000 धरला, तर 20 मायक्रोमोलरला 1 सेंटिमीटर कुपीत 1.14 येते. सल्फोनामाइड मात्र तोलावाच लागतो. त्याचे रेणुवस्तुमान 201 आहे, म्हणून 10 मिलिलिटरात 20.1 मिलिग्रॅम. दोन मिलिग्रॅम तोलून काम भागवायचा मोह टाळावा.

आलेख वाचताना

आधी लिगंड नुसत्या बफरमध्ये टाकून त्याची उष्णता मोजावी आणि वजा करावी. मग प्रत्येक टोकाचे क्षेत्रफळ टाकलेल्या मोलने भागून ते लिगंड-प्रथिन प्रमाणासमोर मांडावे. वरच्या आणि खालच्या पठारातली उंची ΔH देते, आलेख मध्यावर येतो तिथले प्रमाण n देते आणि उताराचा तिरपेपणा Kd देतो.

सर्वांत आधी मी n पाहतो. 1 अपेक्षित असताना 0.8 आला, तर प्रथिनाचा पाचवा हिस्सा निकामी असू शकतो, किंवा त्याची संहती जास्त धरली गेली असेल. एकास एक बंधनात ही चूक n मध्येच अडकते, ΔH आणि Kd बऱ्याच अंशी बचावतात. लिगंडची चूक मात्र सगळीकडे पसरते. 200 मायक्रोमोलर समजून खरे 180 घेतले असतील, तर n आणि Kd अकरा टक्क्यांनी जास्त येतात आणि ΔH दहा टक्क्यांनी कमी. आलेखाला याचा पत्ता लागत नाही, रेषा बिंदूंवरून अगदी सुंदर जाते.

शेवटची टोके शून्यावर न येता मोठीच राहिली, तर बफर जुळलेला नाही किंवा प्रथिन अजून भरलेले नाही. टोके एकसारखी असतील तर पहिला संशय बफरवर घ्यावा, अजून लहान होत असतील तर दुसऱ्या कारणावर.

आकड्यांवर किती विसंबायचे

2002 साली जैवरेणू प्रयोगसुविधांच्या एबीआरएफ या संघटनेच्या गटाने हीच जोडी वेगवेगळ्या प्रयोगशाळांना पाठवली. बंधन स्थिरांक आला 10 लाख प्रति मोलर, अधिक-उणे 2.2 लाख, आणि एन्थॅल्पी आली -10.4 किलोकॅलरी, अधिक-उणे 2.5.

आता ΔG = RT ln Kd काढू. 25 अंशांना 1 मायक्रोमोलरसाठी -8.2 किलोकॅलरी येते. Kd लॉगरिदममध्ये असल्याने त्यातली 22 टक्क्यांची चूक इथे जेमतेम 0.13 उरते. एन्ट्रॉपीचा वाटा, -TΔS, वजाबाकीने मिळतो: -8.2 मधून -10.4 वजा केले की +2.2. पण एन्थॅल्पीतली 2.5 ची अनिश्चितता जशीच्या तशी याच आकड्यात उतरते. म्हणजे बंधनात एन्ट्रॉपी अडवते आहे की मदत करते आहे, हे त्या प्रयोगशाळांच्या पसाऱ्यावरून ठामपणे सांगता येत नाही. त्याच प्रयोगांतून ΔG मात्र पहिल्या दशांशापर्यंत पक्का हाती येतो.