तीस गोळ्या, तीन सेकंद, दीड सेंटिमीटर

काउंटर-स्ट्राइकमधल्या एके-४७ चं मॅगझिन ३० गोळ्यांचं आहे. ही बंदूक मिनिटाला ६०० गोळ्या या वेगाने चालते, म्हणजे दर ०.१ सेकंदाला एक. ट्रिगर दाबून धरला तर पहिली ते तिसावी गोळी सुटायला २.९ सेकंद लागतात. एवढ्या वेळात बंदुकीची नळी आधी वर जाते, मग उजवीकडे वळते, मग डावीकडे, आणि शेवटी पुन्हा उजवीकडे. क्रॉसहेअर समोरच्या खेळाडूच्या छातीवर ठेवून हात स्थिर धरला, तर पहिल्या दोन-तीन गोळ्या लागतील आणि बाकीच्या त्याच्या डोक्यावरून भिंतीत जातील. त्या सगळ्या गोळ्या एकाच जागी आणण्याच्या कौशल्याला खेळाडू स्प्रे कंट्रोल म्हणतात.

१९९९ मध्ये मिन्ह ली आणि जेस क्लिफ यांनी काउंटर-स्ट्राइक ‘हाफ-लाइफ’ या गेमचा मॉड म्हणून बनवला. २०१२ मध्ये सीएस:गो आला आणि २०२३ मध्ये सीएस २. या दोन्ही आवृत्त्यांत प्रत्येक बंदुकीच्या झटक्यांचा क्रम, म्हणजे पॅटर्न, ठरलेला असतो. एके-४७ ची नववी गोळी आज ज्या दिशेला ओढ घेते, त्याच दिशेला उद्याही घेईल. त्यामुळे तो पाठ करता येतो. तो पाठच का करावा लागतो, नुसतं बघून का जमत नाही, हे आकडे मांडले की स्पष्ट होतं.

पहिला आकडा वेळेचा आहे. डोळ्यांनी काही दिसल्यापासून हात हलेपर्यंत माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. दोन गोळ्यांमधलं अंतर त्याच्या निम्मं आहे. तिसरी गोळी भिंतीवर कुठे लागली हे बघून हात हलवायचं ठरवलं, तर तो हलेपर्यंत पाचवी गोळी सुटलेली असते. सुरुवातीला नळी फक्त वर जाते तेव्हा हे एकवेळ खपतं. पण आठव्या-नवव्या गोळीला ती उजवीकडे वळते आणि पंधराव्याच्या आसपास उलटी डावीकडे निघते. उजवं वळण बघून हात डावीकडे न्यायला सुरुवात करेपर्यंत दोन गोळ्या वाया गेलेल्या असतात. ती चूक भरून काढायला हात जोराने न्यावा, तर तेवढ्यात पुढचं वळण येतं. बघून दुरुस्त करणारा खेळाडू मॅगझिन संपेपर्यंत दोन गोळ्या मागेच राहतो. हाताला पुढची हालचाल आधीच ठाऊक असेल तरच तो वेळेवर पोचतो.

त्यात पडद्यावरचं चित्रही पूर्ण खरं सांगत नाही. सीएस:गोमध्ये झटक्याचा जेवढा भाग कॅमेऱ्यात दिसतो, त्याचं प्रमाण ०.४५ ठेवलेलं होतं. स्प्रे चालू असताना गोळ्या क्रॉसहेअरच्या बऱ्याच वर लागतात त्या यामुळेच. नवखा खेळाडू क्रॉसहेअर लक्ष्यावर परत आणतो आणि आपण झटका सावरला असं समजतो. प्रत्यक्षात त्याने निम्माही सावरलेला नसतो. नीट स्प्रे करताना क्रॉसहेअर समोरच्या माणसाच्या पायांपाशी उतरलेला दिसतो आणि गोळ्या छातीत लागत असतात. सीएस २ मध्ये क्रॉसहेअर झटक्याबरोबर हलवणारी सेटिंग आहे. शिकताना ती चालू ठेवली की गोळी खरोखर कुठे जाते आहे ते दिसतं.

दुसरा आकडा हाताच्या हालचालीचा आहे, आणि तो विश्वास बसणार नाही इतका लहान आहे. या गेममध्ये सेन्सिटिव्हिटी १ असेल तर माउसने मोजलेल्या एका ठिपक्याला नजर ०.०२२ अंश फिरते. माउस ४०० डीपीआयचा आणि सेन्सिटिव्हिटी २ धरू. मग एका ठिपक्याला ०.०४४ अंश होतात आणि पूर्ण ३६० अंशांची गिरकी घ्यायला माउस सुमारे ५२ सेंटिमीटर सरकवावा लागतो. एके-४७ चा पॅटर्न सर्वांत उंच ठिकाणी साधारण १० अंश वर जातो. १० अंश म्हणजे २२७ ठिपके, आणि ४०० डीपीआयवर २२७ ठिपके म्हणजे साधारण १४ मिलिमीटर. पॅटर्नची रुंदी उंचीपेक्षा थोडी कमी आहे, ती माउसवर सेंटिमीटरभर भरते. म्हणजे तीस गोळ्यांचा सगळा वर-खाली, डाव्या-उजव्या बाजूंचा हिशेब टेबलावर अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत मावतो.

आता त्या जागेत अचूकता किती लागते ते बघू. समोरचा खेळाडू गेमच्या मापाने १००० युनिट, म्हणजे सुमारे २५ मीटर दूर आहे आणि त्याचं डोकं १० युनिट रुंद आहे असं धरू. एवढ्या अंतरावरून ते डोकं ०.५७ अंशांचं दिसतं. माउसवर ते १३ ठिपके, म्हणजे ०.८ मिलिमीटर होतं. पहिल्या आठ गोळ्यांत मिळून १० अंशांची चढण आहे. सरासरी एका गोळीला सव्वा अंश, म्हणजे हात दर ०.१ सेकंदाला पावणेदोन मिलिमीटर खाली यायला हवा. एका गोळीची ओढ राहून गेली, तर पुढची गोळी दोन डोक्यांइतकी वर लागते.

ही चढण सारखीही नाही. पहिला झटका छोटा असतो, दुसरा त्याहून मोठा, आणि सर्वांत मोठे झटके तिसऱ्या ते सहाव्या गोळीला बसतात. त्यानंतर ते उतरतात. ट्रिगर दाबताक्षणी जोरात खाली ओढणाऱ्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या गोळ्या कमरेखाली जातात. हळूहळू ओढत राहणाऱ्याची पाचवी-सहावी गोळी डोक्यावरून जाते. हात हलका सुरू होऊन मध्ये जोर धरतो आणि आठवीला थांबून डावीकडे वळतो, हीच खरी लय आहे.

सेन्सिटिव्हिटी बदलली की हे सगळं कसं विस्कटतं तेही याच हिशेबातून दिसतं. २ वर सराव झालेल्या खेळाडूने ती ३ केली असं समजा. हाताला १४ मिलिमीटरची सवय आहे, पण आता तेवढ्याच हालचालीत नजर १० ऐवजी १५ अंश खाली येते. २५ मीटरवर ५ अंशांचा फरक ८७ युनिट होतो. गेममधला उभा माणूस ७२ युनिट उंच आहे. म्हणजे अंगवळणी पडलेला तोच स्प्रे आता संपूर्ण माणसाच्या उंचीहून जास्त चुकतो.

पॅटर्न तंतोतंत जमला तरी सगळ्या गोळ्या एका भोकातून जात नाहीत. ठरलेल्या पॅटर्नवर गेम थोडा यादृच्छिक विस्कट टाकतो, आणि तो कोणत्याही सरावाने आवरत नाही. उभं राहून स्थिर मारलेली एके-४७ ची पहिली गोळी ३० सेंटिमीटरच्या वर्तुळात नक्की पडेल असं अंतर सुमारे २२ मीटर आहे. लागोपाठ गोळीबारात हा विस्कट दुपटीहून अधिक वाढतो. २५ मीटरवर ते वर्तुळ ७० सेंटिमीटरच्या पुढे जातं, म्हणजे माणसाच्या धडापेक्षा रुंद होतं. १० मीटरवर तेच वर्तुळ ३० सेंटिमीटरच्या आसपास राहतं आणि धडात मावतं. धावत गोळ्या मारल्या तर विस्कट स्थिर उभ्यापेक्षा वीसपटीहून अधिक होतो, तिथे पॅटर्न येणं न येणं सारखंच. म्हणून अनुभवी खेळाडू आधी उलट दिशेची कळ दाबून थांबतो आणि मगच ट्रिगर दाबतो. लांबच्या माणसावर तो दोन-तीन गोळ्या मारतो, साधारण अर्धा सेकंद थांबून झटका उतरू देतो आणि पुन्हा मारतो.

सराव करताना पॅटर्नची चूक आणि नशिबाचा विस्कट वेगळे करून बघावे लागतात. एकट्याने नकाशा उघडून कन्सोलमध्ये हे टाकावं:

```
sv_cheats 1
sv_infinite_ammo 2
sv_showimpacts 1
weapon_accuracy_nospread 1
```

शेवटची ओळ विस्कट बंद करते, त्यामुळे भिंतीवर उरते ती फक्त आपल्या हाताची चूक. आधी माउस न हलवता एक मॅगझिन रिकामं करून पॅटर्न डोळ्यांखालून घालावा. मग भिंतीवरच्या एका खुणेवर गोळ्या आणायचा प्रयत्न करावा. खुणा उभ्या रेषेत वर चढत गेल्या तर ओढ कमी पडते आहे. खुणेच्या खाली ढीग झाला तर सुरुवातीलाच जोर लागतो आहे. पहिल्या आठ गोळ्या एकत्र आणि पुढच्या उजवीकडे पांगलेल्या दिसल्या तर डावं वळण उशिरा घेतलं जातं आहे. पॅटर्न बसला की तीच ओळ 0 करून विस्कट परत चालू करावा आणि खऱ्या सामन्यात काय मिळणार ते बघावं. ३ सेकंदांचा स्प्रे आणि सुमारे अडीच सेकंदांचं रिलोड धरलं, तर १०० मॅगझिन, म्हणजे ३००० गोळ्या, साधारण नऊ-दहा मिनिटांत होतात.

यातल्या कोणत्या गोळ्यांवर सगळ्यात जास्त वेळ द्यायचा, हेही एक आकडा सांगतो. चिलखत घातलेल्या खेळाडूच्या छातीत जवळून लागलेली एके-४७ ची गोळी १०० पैकी सुमारे २८ गुण कापते. चार गोळ्या लागल्या की तो खेळाडू बाद. पहिलीपासून चौथी गोळी सुटायला ०.३ सेकंद पुरतात. समोरच्याकडे एम४ए४ असेल तर त्याला तसंच काम पाच गोळ्यांत, सुमारे ०.३६ सेकंदांत करावं लागतं. त्यामुळे बहुतेक समोरासमोरच्या लढती पहिल्या दहा गोळ्यांतच निकाली निघतात. विसाव्या गोळीपर्यंत पोचायची वेळ क्वचित येते, आणि तिथवर पोचलेल्या खेळाडूने एव्हाना आडोसा शोधायला हवा होता.

म्हणून शिकणाऱ्याने तीस गोळ्यांचं पूर्ण चित्र भिंतीवर काढत बसू नये. एक बंदूक घ्यावी आणि एकच सेन्सिटिव्हिटी ठेवून ती बदलू नये. पहिल्या दहा गोळ्यांची हलका-जोर-वळण ही लय १० ते १५ मीटरवर पक्की करावी. सामने याच एका सेकंदात जिंकले जातात. उरलेल्या वीस गोळ्या त्यानंतर सावकाश शिकल्या तरी चालतात.