फॉल लावण्याआधी

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ दुकानाच्या बिलाखालची ही ओळ आपण लहानपणापासून वाचतो. घरून ऑनलाइन साड्या विकणाऱ्या अनेक जणी तीच ओळ उचलतात आणि निर्धास्त होतात. पण ती त्यांना वाचवत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात. म्हणजे मुदत न लिहिणारी विक्रेती महिनाभराची जोखीम आपणहून घेते.

म्हणून नियम लिहिताना पहिला प्रश्न हवा: साडी परत का येतेय?

समजा साडी १,८०० रुपयांची, कुरिअर एका बाजूचं ९०, नफा ३५०. साडीवर डाग आहे, वीण तुटली आहे किंवा भलतीच साडी गेली आहे, तर चूक विक्रेतीची. तिने १,८०० आणि दोन्ही बाजूंचं कुरिअर सोसावं. पण ‘घरच्यांना आवडली नाही’ म्हणून परत आली, तर पैसे देण्याची सक्ती कायदा करत नाही. इथे फुकट परतावा दिला तर १८० रुपये कुरिअरलाच जातात आणि विक्रीही हातची जाते. अशा वेळी एकदा बदलून देणं, कुरिअर ग्राहकाकडे, हे मला दोघींनाही न्याय्य वाटतं.

खरा वाद रंगावरून होतो. फिल्टर लावलेल्या फोटोतली साडी हातात वेगळी दिसली, तर ‘स्क्रीनमुळे फरक पडतो’ हे उत्तर पुरत नाही. वर्णनाशी न जुळणारा माल ही विक्रेतीचीच बाजू. दिवसाच्या उजेडात फोटो काढावा आणि ‘मोरपिशी, उन्हात हिरवट दिसते’ असं शब्दांतही लिहावं.

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागायला हरकत नाही. मात्र ‘व्हिडिओ नाही तर तक्रार नाही’ ही अट अन्यायाची आहे. व्हिडिओ नसला म्हणून डाग नाहीसा होत नाही. स्पष्ट फोटोही चालवावेत आणि पॅक करतानाचा आपला व्हिडिओ जपून ठेवावा.

मग मजकूर असा होईल: ‘साडी सदोष किंवा वेगळी निघाल्यास पार्सल मिळाल्यापासून ७ दिवसांत फोटो किंवा व्हिडिओ पाठवा. कुरिअर आमचं. साडी आमच्याकडे पोचल्यावर ५ दिवसांत, कुरिअरसह पूर्ण पैसे, ज्या खात्यातून आले त्यातच परत. नापसंत असल्यास ३ दिवसांत कळवा, एकदा बदलून देऊ. दोन्ही वेळचं कुरिअर तुमचं. नापसंतीसाठी बदलताना साडी न नेसलेली, फॉल-पिको न केलेली आणि ब्लाउजपीस न कापलेली हवी.’

फॉल-पिकोची अट नापसंतीपुरतीच आहे, हे महत्त्वाचं. आतल्या घडीतली तुटलेली वीण बहुधा फॉल लावतानाच दिसते. हा मजकूर पैसे भरायचा क्यूआर कोड पाठवण्याआधी जायला हवा. पैसे आल्यावर सांगितलेली अट ग्राहकाने मान्य केली होती, असं म्हणता येत नाही.