हरभऱ्याच्या जीवाणू संवर्धकाची ग्रॅम रंग तपासणी

पेरणीपूर्वी हरभऱ्याच्या बियाण्याला चोळण्यासाठी आपण रायझोबियमचे पाकीट आणता. आतली पूड काळी, ओलसर दिसते. त्यात कामाचे जीवाणू आहेत की भलतेच, हे डोळ्यांना कळत नाही. प्रयोगशाळेत ते पाहण्याची एक पायरी म्हणजे ग्रॅम रंग तपासणी. येथे ग्रॅमचा वजनाशी संबंध नाही. हान्स ख्रिस्तियन ग्रॅम या डॅनिश शास्त्रज्ञाने 1884 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली, त्यांचे ते आडनाव.

पाकिटातील पूड थेट काचपट्टीवर घेऊन उपयोग नसतो. लिग्नाइटचे काळे कण सगळे झाकून टाकतात. म्हणून पूड निर्जंतुक पाण्यात एक लाख पटीपर्यंत विरळ करून ती यीस्ट अर्क, मॅनिटॉल व कांगो रेड असलेल्या अगारच्या बशीत वाढवतात. हरभऱ्याचे रायझोबियम वाढायला तीन ते पाच दिवस लागतात. नमुना देऊन दुसऱ्या दिवशी निकाल मागणाऱ्यास म्हणूनच थांबावे लागते.

उदाहरणादाखल एका पाकिटाची बशी पाहू. तिच्यात बहुतेक वसाहती पांढुरक्या, चकचकीत व चिकट होत्या आणि त्यांनी लाल रंग शोषला नव्हता. मध्येच काही वसाहती कोरड्या, सुरकुतलेल्या व पसरलेल्या होत्या. दोन्हींची तपासणी केली.

स्वच्छ काचपट्टीवर पाण्याचा थेंब घेऊन त्यात वसाहतीचा अगदी थोडा अंश पातळ पसरावा. तो हवेत वाळू द्यावा आणि पट्टी ज्योतीवरून दोन-तीन वेळा झटकन फिरवावी, म्हणजे जीवाणू काचेला चिकटतात. पट्टी हाताला सोसेल इतकीच गरम व्हावी. नंतर क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट ठेवून पाण्याने धुवावे. आयोडिनचे द्रावण एक मिनिट ठेवून पुन्हा धुवावे. मग 95 टक्के अल्कोहोल थेंब थेंब सोडावे व निथळणारे थेंब रंगहीन होताच पाण्याने धुवावे. याला साधारण 10 ते 20 सेकंद लागतात. शेवटी सॅफ्रनिन अर्धा ते एक मिनिट ठेवून धुवावे, पट्टी टिपकागदाने टिपावी आणि तेलाचा थेंब टाकून हजारपट मोठे करून पाहावे.

सारी गोम अल्कोहोलच्या पायरीत आहे. काही जीवाणूंची पेशीभित्तिका जाड असते, ती जांभळा रंग व आयोडिन यांची जोडी धरून ठेवते. हे ग्रॅम धन. पातळ भित्तिकेच्या जीवाणूंतून हा रंग निघून जातो व नंतरच्या सॅफ्रनिनने ते गुलाबी दिसतात; हे ग्रॅम ऋण. अल्कोहोल जास्त वेळ राहिले तर ग्रॅम धनही गुलाबी होतात, कमी पडले तर ग्रॅम ऋणही जांभळे राहतात. म्हणून त्याच पट्टीवर एका टोकाला माहीत असलेला ग्रॅम धन व दुसऱ्या टोकाला ग्रॅम ऋण जीवाणू लावावा. त्यांचे रंग चुकले तर मधल्या नमुन्याचा निकाल धरू नये. जुन्या वाढीतील ग्रॅम धन जीवाणूही रंग सोडतात, तेव्हा वाढ ताजी हवी.

निरीक्षण असे: चिकट वसाहतीत लहान, गुलाबी, सुटे दंडगोल दिसले. काहींच्या आत न रंगलेले ठिपके होते. नवख्याला ते बीजाणू वाटतात, पण ते साठवलेल्या अन्नाचे कण असतात. डिंकामुळे पार्श्वभूमी किंचित गुलाबी होती. कोरड्या वसाहतीत मोठे, जांभळे दंडगोल साखळीने दिसले व आत लांबट, न रंगलेले बीजाणू होते. ही बॅसिलस गटाची लक्षणे. लिग्नाइट नीट निर्जंतुक झाले नाही की हेच उरतात, कारण त्यांचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत.

निकाल: पाकिटात रायझोबियमसारखे ग्रॅम ऋण जीवाणू आहेत, पण भेसळीमुळे ते नापास. खत नियंत्रण आदेशानुसार पुडीच्या दर ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत रायझोबियम हवेत व एक लाख पट विरळ केल्यावर इतर जीवाणू दिसता कामा नयेत.

मात्र गुलाबी दंडगोल दिसले म्हणजे ते रायझोबियमच, असे नव्हे. इतर अनेक जीवाणू तसेच दिसतात. मेलेले जीवाणूही रंग घेतात. म्हणून प्रयोगशाळा शेवटी निर्जंतुक वाळूत हरभरा लावून त्याला या वसाहती देते. सोबत काहीच न दिलेली रोपेही ठेवतात. त्यांच्या मुळांवर गाठी नाहीत आणि जीवाणू दिलेल्या रोपांवर आहेत, तरच खात्री. आपल्या शेतात पीक फुलोऱ्यावर येताना एक-दोन झाडे मातीसह अलगद खणून काढा, मुळे पाण्यात धुवा व गाठ ब्लेडने कापा. आत गुलाबी-लाल असेल तर ती नत्र धरत आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.