न मोडलेलं प्रथिन

मोठ्या आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. त्यातल्या खोल खळग्यांच्या तळाशी शेजारच्या पेशींकडून ‘विंट’ हा संदेश मिळतो, तोवरच मूळपेशी विभागत राहतात. पेशी वर सरकली की संदेश विरतो. मग एपीसी आणि त्याची सोबती प्रथिनं बीटा-कॅटेनिनला पकडून त्यावर फॉस्फेटची खूण करतात. खूण झालेलं बीटा-कॅटेनिन पेशी मोडून टाकते. मोडलं नाही, तर ते केंद्रकात शिरून विभाजनाची जनुकं चालू करतं.

आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत एपीसी जनुकच बिघडलेलं असतं. संदेश नसतानाही बीटा-कॅटेनिन साचतं, पेशी वाढत राहते, पॉलिप धरतो. काहींना एक बिघडलेली प्रत जन्मतःच मिळते. दुसरीही एखाद्या पेशीत बिघडली की पुरे, आणि पेशी तर कोट्यवधी! अशांच्या आतड्यात तरुणपणीच शेकडो पॉलिप दिसतात. म्हणून त्या घरांतल्या मुलांची दुर्बिणीने तपासणी दहा-बारा वर्षांपासूनच सुरू करतात.