किमतीवरून अस्थिरतेकडे, उलट्या वाटेने

समजा, निफ्टी २४,००० वर आहे आणि ३० दिवस उरलेला २४,००० चा कॉल ४०० रुपयांना मिळतोय. ब्लॅक-शोल्स सूत्रात निर्देशांक, स्ट्राइक, मुदत, व्याजदर आणि अस्थिरता घातली की किंमत निघते. इथे किंमत समोर आहे, अस्थिरता माहीत नाही. आणि ती थेट काढून देणारं साधं सूत्र नाही. म्हणून अंदाज करायचा आणि तो सुधारत जायचं.

पहिला अंदाज वार्षिक १५ टक्के. व्याजदर ६ टक्के धरला, लाभांश सोडला, तर सूत्र सुमारे ४७२ रुपये सांगतं. म्हणजे ७२ रुपये जास्त. अस्थिरता एका टक्क्याने हलली की किंमत किती हलते, त्याला वेगा म्हणतात. इथे तो सुमारे २७.२ रुपये. ७२.४ ला २७.२ ने भागलं की २.६६. नवा अंदाज १२.३४ टक्के, किंमत ४००.१०. आणखी एका फेरीत १२.३३ वर आकडा स्थिरावतो. ही न्यूटनची पद्धत.

इतकी सहज ती निर्देशांकाजवळच्या स्ट्राइकलाच चालते. फार दूरच्या स्ट्राइकला वेगा जवळजवळ शून्य असतो, त्याने भागलं की अंदाज ऋण किंवा अवाच्या सवा होतो. तिथे १ आणि ३०० टक्क्यांच्या मध्ये उत्तर कोंडून दर वेळी अंतर निम्मं करणं मला अधिक भरवशाचं वाटतं. हळू, पण उत्तर त्या हद्दीत असेल तर चुकत नाही.

कॉलची किंमत मात्र निर्देशांक वजा स्ट्राइकचं आजचं मूल्य यापेक्षाही कमी दिसली, तर उत्तरच नसतं. बहुधा तो भाव शिळा असतो.